थेसिसवरून रिसर्च मास्टर्सचं रेकमेंडेशन लेटर: दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आमच्या डिपार्टमेंटमध्ये दोनच विषय असतात, सेमिस्टरचे पेपर आणि लेटर. मी नागपुरात केमिकलच्या पोरांना शिकवते, दरवर्षी फायनल इयरचे चार-पाच प्रोजेक्ट गाइड करते, आणि त्यातले एक-दोन जण तरी रिसर्च मास्टर्सला अप्लाय करतातच. प्रश्न दरवर्षी तेच येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. काही उत्तरं पोरांसाठी आहेत, काही माझ्यासारख्या गाइड लोकांसाठी. पहिल्यांदा लेटर लिहिणाऱ्या नव्या सर-मॅडमनाही याचा उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं.

रिसर्च मास्टर्सचं लेटर साध्या एमएसच्या लेटरपेक्षा वेगळं काहून लिहावं लागतं?

कारण वाचणारा माणूस वेगळा असतो. कोर्सवर्कवाल्या मास्टर्समध्ये कमिटी बघते की हा मुलगा आमचे आठ-दहा पेपर पास होईल का, आणि त्याचं उत्तर मार्कशीट बरंचसं देते. कॅनडातलं थेसिसवालं एमएससी घ्या, यूकेचं एमरेस घ्या किंवा आपल्याकडचं आयआयटी मद्रासचं एमएस बाय रिसर्च घ्या, तिथे शेवटी एखादा प्रोफेसर आपल्या लॅबमध्ये जागा देणार असतो. कॅनडात तर तो बऱ्याचदा स्वतःच्या ग्रँटमधून स्टायपेंडही देतो, म्हणजे दोन वर्षं हे पोरगं त्याच्या जबाबदारीवर असणार. त्याच्या मनात एकच शंका असते, की लॅबमध्ये काहीतरी बिघडलं आणि जवळ विचारायला कोणी नाही, तर हे पोरगं काय करेल? मार्कशीटमध्ये याचं उत्तर नाही. एसओपीमध्ये पोरगं स्वतःबद्दल चांगलंच लिहिणार. उत्तर फक्त ज्याने थेसिसच्या वेळी जवळून पाहिलंय त्याच्याकडे असतं, म्हणजे गाइडकडे, आणि ते लेटरमध्ये आलं नाही तर मग लेटर असून नसल्यासारखंच.

थेसिसमधलं नेमकं काय लिहायचं मग?

एक प्रसंग. पूर्ण थेसिस नाही, एक प्रसंग, ज्यात पोराने स्वतः काहीतरी ठरवलं आणि ते ठरवताना तुम्ही पाहिलं. हे नुसतं सांगून समजत नाही म्हणून मी लिहिलेल्या एका लेटरची गोष्ट पूर्ण सांगते, नाव-गाव सोडून.

ही विद्यार्थिनी पाण्यातला फ्लोराइड काढायच्या प्रोजेक्टवर होती. यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या स्टँडर्डमध्ये मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. आमच्या सॅम्पलमध्ये ३.४ होतं. तिच्या ग्रुपने काचेच्या कॉलममध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना भरला, त्यातून पाणी सोडायचं आणि आधी-नंतरचा फ्लोराइड इलेक्ट्रोडने मोजायचा, एवढंच काम. रीडिंग आलं ०.६. म्हणजे ८२ टक्के फ्लोराइड निघाला. सगळे खूश, मीसुद्धा, मी तर तिला म्हटलं की आता रिपोर्ट लिहायला घे.

पण तिने लिहायला घेतलं नाही. तिने प्रक्रिया झालेल्या पाण्यात लिटरला बरोबर १ मिलिग्रॅम फ्लोराइड मुद्दाम टाकला आणि परत मोजलं. रीडिंग १ ने वाढायला हवं होतं, वाढलं फक्त ०.६३ ने. मग तेच तिने कच्च्या पाण्यात केलं, तिथे वाढ ०.९८ आली, म्हणजे बरोबर. इलेक्ट्रोड तोच, दिवस तोच, हात तोच. फरक फक्त एवढा की एक पाणी कॉलममधून गेलंय आणि एक नाही. संध्याकाळी साडेपाचला ती वही घेऊन केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "मॅडम, कॉलममधून पाण्यात काहीतरी येऊन राहिलंय आणि ते फ्लोराइडला धरून ठेवतंय."

ते अ‍ॅल्युमिनियम होतं. अ‍ॅल्युमिनामधून थोडं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात सुटतं, ते फ्लोराइडला घट्ट पकडतं, आणि इलेक्ट्रोडला फक्त मोकळा फ्लोराइड दिसतो, पकडलेला दिसत नाही. म्हणून मोजायच्या आधी पाण्यात जो बफर टाकतात त्यात सीडीटीए नावाचं एक रसायन असतं, ते अ‍ॅल्युमिनियमला स्वतःकडे ओढून घेतं आणि फ्लोराइड मोकळा करतं. आमच्या लॅबमधला बफर कोणीतरी पूर्वी स्वस्तात बनवलेला होता, त्यात सीडीटीए नव्हतंच, बाटलीवर नाव मात्र बरोबर लिहिलेलं. तिने नवा बफर बनवला, टाकलेल्या फ्लोराइडपैकी ९६ टक्के परत मिळाला, आणि खरं रीडिंग निघालं १.२. म्हणजे ८२ नाही तर ६५ टक्के, आणि पाणी १ च्या मर्यादेत बसतच नव्हतं. सॅम्पल तिने प्लॅस्टिकच्या बाटल्यांत तारखा टाकून जपून ठेवले होते, त्यामुळे जुने सगळे ४१ सॅम्पल ती परत मोजू शकली, आणि रिपोर्टमध्ये कमी आलेला आकडा तिने स्वतः पुढे ठेवला.

हाच तो प्रसंग. मी तिला दोन वर्षं शिकवलं, तिचे मार्क चांगले होते, सेमिनार छान दिला होता, पण लेटरमध्ये मी जागा दिली ती याला.

हे लेटरमध्ये उतरवलं कसं?

लेटर अर्थात इंग्रजीत गेलं, इथे मराठीतून सांगते. मधला मोठा पॅरा साधारण असा होता:

"अर्जदाराच्या ग्रुपच्या कॉलमचा पहिला निकाल उत्तम होता आणि मी स्वतः तो मान्य करून तिला रिपोर्ट लिहायला सांगितला होता. तिने न सांगता स्पाइक रिकव्हरीची चाचणी केली. प्रक्रिया केलेल्या पाण्यात ती ६३ टक्के आणि कच्च्या पाण्यात ९८ टक्के आली, यावरून तिने स्वतःच निष्कर्ष काढला की चूक उपकरणात नसून कॉलममधून येणाऱ्या एखाद्या पदार्थामुळे आहे. ते अ‍ॅल्युमिनियम असावं हे आम्ही दोघींनी चर्चेत ठरवलं, पण त्याची खात्री करायची पद्धत तिची होती. तिने सर्व ४१ नमुने पुन्हा मोजले आणि ८२ टक्क्यांऐवजी ६५ टक्क्यांचा निकाल सादर केला, आठ दिवसांवर सबमिशन असताना."

यात "हुशार", "मेहनती", "प्रामाणिक" यातला एकही शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला तिन्ही समजतात. दुसरं म्हणजे "आम्ही दोघींनी चर्चेत ठरवलं" हे वाक्य मी मुद्दाम ठेवलं. अ‍ॅल्युमिनियमपर्यंत ती एकटी पोचली नव्हती, मी विचारलं की कॉलममध्ये आहे काय आणि मग तिला सुचलं. सगळं तिच्याच नावावर टाकलं असतं आणि इंटरव्ह्यूत प्रोफेसरने खोलात विचारलं असतं, तर ती अडकली असती आणि माझं लेटरही खोटं ठरलं असतं. कुठे मदत झाली ते लिहिलं की जिथे झाली नाही ते जास्त खरं वाटतं. आणि "मी स्वतः निकाल मान्य केला होता" हे लिहायला काही गाइड लोकांना जड जातं, पण ते लिहिल्याशिवाय तिने काय केलं ते कळतच नाही हो. गाइड हो म्हणाल्यावरही ती थांबली, तिची खरी परीक्षा तिथेच होती.

थेसिसचा अ‍ॅब्स्ट्रॅक्टच टाकला तर?

नको. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अर्जासोबत असतोच. लेटरमध्ये विषय दोन ओळींत, तोही दुसऱ्या फील्डच्या माणसाला समजेल असा, बास. मी बघितलेल्या कितीतरी लेटरमध्ये पहिला पूर्ण परिच्छेद फ्लोरोसिस म्हणजे काय यावर असतो, मग कॉलमची उंची, फ्लो रेट, आणि पोराचं नाव येतं ते शेवटच्या दोन ओळींत. वाचून प्रोजेक्ट कळतो, माणूस कळत नाही.

मॅडम, माझ्या थेसिसमध्ये असं काही घडलंच नाही, सगळं सरळ झालं.

सरळ कोणाचंच होत नाही, तुमच्या लक्षात राहत नाही एवढंच. लॅबची वही उघडा. फायनल रिपोर्ट नका उघडू, त्यातून सगळी खाडाखोड निघून गेलेली असते. वहीत कुठे रीडिंग कापलंय, कुठे एकच प्रयोग तीनदा केलाय, कुठे तारखांमध्ये दहा दिवसांची गॅप आहे, तिथे तिथे काहीतरी घडलेलं असतं.

एका मुलाचं असंच होतं, म्हणाला काहीच नाही मॅडम, नुसती मोजणी केली. वही बघितली तर एप्रिलपासून तो दर दोन तासांनी इलेक्ट्रोड नव्याने कॅलिब्रेट करत होता, मार्चपर्यंत दिवसातून एकदाच करायचा. का रे, विचारलं. तर म्हणे दुपारी लॅबमध्ये खूप गरम होतं, एसी नाही, आणि सकाळचं कॅलिब्रेशन दुपारी जुळत नाही. आता हे अगदी बरोबर आहे, फ्लोराइडच्या इलेक्ट्रोडचा स्लोप २५ अंशांना साधारण ५९ मिलिव्होल्ट असतो आणि ४० अंशांना ६२ च्या आसपास जातो, आपल्या नागपूरच्या एप्रिलमध्ये बिनएसीच्या लॅबचं पाणी ४० ला सहज टेकतं. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. आकडे जुळत नाहीत हे त्याने पाहिलं, कारण शोधलं, उपाय केला, आणि एवढं मोठं काही केलं असं त्याला वाटलंही नाही. माझ्या दृष्टीने लेटरचा पूर्ण पॅरा तिथे तयार होता. प्रसंग मोठा असायची गरजच नाही, निर्णय पोराचा असला की झालं.

आमचा चार जणांचा ग्रुप प्रोजेक्ट होता, मग?

आपल्याकडे बीटेकला हे जवळपास सगळ्यांचंच असतं. बाहेरच्या प्रोफेसरला ते माहीत नसतं, त्याला वाटतं थेसिस म्हणजे एकट्याचं काम, आणि मग दोन मित्रांनी एकाच युनिव्हर्सिटीत अप्लाय केलं की त्याच्यासमोर तोच थेसिस दोनदा येतो. म्हणून गाइडने स्पष्ट लिहायचं की चौघांचा ग्रुप होता आणि यातलं अमुक काम हिचं. फ्लोराइडच्या ग्रुपमध्ये कॉलम दोघांनी चालवला, गावात जाऊन सॅम्पल तिसऱ्याने आणले, आणि मोजणीचं सगळं हिच्याकडे होतं. मी तसंच लिहिलं. त्यामुळे तिचं काम कमी दिसत नाही उलट कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते नीट दिसतं. पोरांनो, कोणी काय केलं ते तुम्हीच चौघांनी बसून एका कागदावर लिहा आणि चौघांच्या सह्या करून मला द्या, म्हणजे मी एकीला जे श्रेय देईन तेच दुसऱ्याच्या लेटरमध्ये चुकून जाणार नाही.

ड्राफ्ट मीच करून आणू का? दुसरे सर तसंच सांगतात.

सांगतात, मला माहीत आहे, आणि सरांवर कामाचा लोड किती असतो तेही माहीत आहे. पण नका आणू. स्वतःचं लेटर लिहिताना पोरं एकतर लाजून कमी लिहितात नाहीतर नेटवरच्या नमुन्यातली विशेषणं भरतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे तुम्हाला तो प्रसंग माझ्या बाजूने दिसलेलाच नसतो. तिला कुठे माहीत होतं की ती वही घेऊन आली तेव्हा मी तिचा निकाल ऑलरेडी एका मीटिंगमध्ये सांगून बसले होते? ते फक्त मीच लिहू शकते. शिवाय एसओपी आणि लेटर एकाच हाताने लिहिलं की दोन्हीत तीच वाक्यरचना, तेच आवडते शब्द येतात, आणि रोज अर्ज वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं. तीन सरांची तीन लेटरं एकाच पोराने लिहिली असतील तर मग विचारूच नका.

सर ऐकतच नसतील तर ड्राफ्टऐवजी मुद्दे द्या. तारीख, काय झालं, आकडा काय आला, मी काय केलं, तुम्ही तेव्हा काय म्हणालात. वाक्यं त्यांना बनवू द्या. एवढे मुद्दे हातात आले की लेटर अर्ध्या-पाऊण तासात होतं, आणि बहुतेक सर मग स्वतःच लिहितात, हा माझा अनुभव आहे.

तुम्हाला काय काय आणून द्यायचं?

लॅबच्या वहीचे महत्त्वाच्या पानांचे फोटो, रिपोर्टची पीडीएफ, मार्कशीट, एसओपी कच्चा असला तरी चालेल, आणि युनिव्हर्सिटींची यादी डेडलाइनसकट. शिवाय प्रत्येक ठिकाणी कोणत्या प्रोफेसरच्या लॅबसाठी प्रयत्न करताय ते. हे शेवटचं पोरं विसरतात आणि मला तेच सगळ्यात जास्त लागतं. निदान चार आठवडे आधी द्या. परीक्षांच्या काळात माझ्याकडे पेपर तपासायचे गठ्ठे असतात, तेव्हा दोन दिवसांत मागितलेलं लेटर दोन दिवसांत लिहिल्यासारखंच होतं.

कमी बाजू लिहायची का? रिजेक्ट तर नाही होणार ना?

एक लिहायची, खरी, आणि थेसिसमधलीच. सगळं छानच छान असलेल्या लेटरवर कोणी विश्वास ठेवत नाही. फक्त कमी बाजू लिहिली की तिचं पुढे काय झालं तेही लिहायचं. माझ्या विद्यार्थिनीचं लिखाण कच्चं होतं. रिझल्टच्या चॅप्टरचा पहिला ड्राफ्ट म्हणजे तक्ते एकाखाली एक आणि मध्ये एक-एक ओळ, हे का झालं याबद्दल शब्द नाही. मी तो परत दिला, दुसरा परत दिला, तिसऱ्यात तिने आधी जुना निकाल, मग शंका, मग चाचणी, मग नवा निकाल या क्रमाने मांडलं आणि चॅप्टर उभा राहिला. मी लेटरमध्ये लिहिलं की तिला वैज्ञानिक लिखाणात सुरुवातीला मार्गदर्शन लागेल, सूचना मिळाल्या की ती लवकर सुधारते, आणि तीन ड्राफ्टमधला फरक एका वाक्यात सांगितला.

"ती फारच परफेक्शनिस्ट आहे" किंवा "जास्त मेहनत करते" असल्या कमी बाजू लिहू नका, त्या कोणाला पटत नाहीत.

बॅकलॉगचं वेगळं आहे. चौथ्या सेमला विषय राहिला असेल आणि कारण तुम्ही मला सांगितलं असेल, तरी तुमच्या परवानगीशिवाय मी घरचं किंवा तब्येतीचं काही लेटरमध्ये टाकत नाही. परवानगी दिली तर एक ओळ टाकते, त्याहून जास्त नाही.

फॉर्ममध्ये "टॉप ५ टक्के, टॉप १० टक्के" असे रकाने असतात, ते कसे भरता?

खरे भरते. आणि कशाच्या तुलनेत ते लेटरमध्ये लिहिते, कारण नुसता टक्का हवेत राहतो. "गेल्या नऊ वर्षांत मी गाइड केलेल्या सुमारे ४० प्रोजेक्टमध्ये, मोजमापाच्या काटेकोरपणात ही पहिल्या तिघांत, लिखाणात मधल्या गटात" असं लिहिलं की वाचणाऱ्याला पाया मिळतो. सगळ्या रकान्यांत टॉप १ टक्का टिक केलं आणि लेटरमध्ये लिखाणाला मार्गदर्शन लागेल म्हटलं, तर दोन्हीतलं एक खोटं आहे हे कोणीही सांगेल. पोरांनी मला "सगळीकडे टॉप टाका ना मॅडम" म्हणू नये ही विनंती.

एचओडी किंवा प्रिन्सिपल सरांचं लेटर जास्त वजनदार नाही का?

रिसर्च मास्टर्ससाठी नाही. पद मोठं असून उपयोग नाही, त्यांनी तुम्हाला कॉलमसमोर उभं असलेलं पाहिलेलं नसतं. पहिलं लेटर गाइडचं, दुसरं ज्यांनी एखादा विषय नीट शिकवला त्यांचं. प्रोजेक्ट बाहेरच्या संस्थेत केला असेल, आपल्या नागपुरात नीरीसारखी ठिकाणं आहेत म्हणून बरीच पोरं बाहेर करतात, तर रोज ज्या सायंटिस्टच्या हाताखाली काम केलं त्यांचं लेटर घ्या, कॉलेजमधल्या नावापुरत्या गाइडचं घेऊ नका. रोज शिकवणारे सीनियर पीएचडी स्कॉलर असतील तर त्यांच्याकडून मुद्दे लिहून घ्या, आणि सायंटिस्टनी ते "माझ्या स्कॉलरने पाहिलं" असं सांगून वापरावेत. हे चालतं, आणि प्रामाणिकही आहे.

थेसिस अजून चालू आहे, अर्ज मात्र डिसेंबरमध्ये आहे.

फायनल इयरमध्येच अप्लाय करणाऱ्या सगळ्यांचं हेच असतं. निकाल नसला तरी चालतो, कारण मघाशी म्हटलं तसं लेटरमध्ये निकाल महत्त्वाचा नसतोच. कुठपर्यंत आलं, काय अडलं, पुढे काय करायचं ठरवलंय ते लिहायचं, "काम चालू आहे" हे स्पष्ट म्हणून. "उत्कृष्ट निकाल अपेक्षित आहेत" असं मात्र मी कधीच लिहीत नाही. फ्लोराइडच्या प्रोजेक्टचं लेटर मला त्या ०.६ च्या आठवड्यात लिहावं लागलं असतं तर मी ८२ टक्के लिहून मोकळी झाले असते, हे मला अजून आठवतं.

एसओपीत मी तोच प्रसंग लिहिलाय. रिपीट होईल का?

होऊ द्या, प्रसंग तोच असला तर उलट एकमेकांना आधार मिळतो. फक्त बाजू वेगळी हवी. तुम्ही लिहा की तुम्हाला शंका कुठून आली, काय वाचलं, त्यातून पुढे कोणता प्रश्न पडला. मी लिहिणार की बाहेरून काय दिसलं. आकडे मात्र दोन्हीकडे सारखेच असले पाहिजेत, तुमच्याकडे ६७ आणि माझ्याकडे ६५ असं झालं तर वाईट दिसतं. म्हणूनच एसओपी आधी मागते.

लेटरहेड, मेल आयडी, पोर्टल, याचं काय?

लेटरहेडवर, सही आणि तारखेसकट, पीडीएफ, दीड पान, फार तर दोन. कॉलेजच्या डोमेनचा मेल आयडी द्या, बऱ्याच युनिव्हर्सिटी जीमेलवरून आलेलं लेटर घेतच नाहीत किंवा वेगळी खात्री मागतात. फॉर्ममध्ये माझा मेल टाकताना स्पेलिंग तपासा. एकदा एका मुलाची लिंक माझ्या स्पॅममध्ये सोळा दिवस पडून होती, तो लाजेपोटी विचारत नव्हता आणि मला वाटत होतं त्याने अजून अर्जच भरला नाही. लिंक पाठवली की त्याच दिवशी मेसेज करा, दोन दिवसांत मी "मिळाली" म्हटलं नाही तर परत करा, राग येत नाही.

डेडलाइन तिकडच्या वेळेची असते. टोरांटोची रात्री ११:५९ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९. पण या जास्तीच्या सकाळवर विसंबून राहू नका, कॉलेजचं नेट सकाळी दहाला कसं असतं तुम्हाला माहीत आहे.

लेटर बघायचा हक्क सोडायचा का? फॉर्ममध्ये विचारतात.

अमेरिकेच्या अर्जात हे येतं, तिथल्या १९७४ च्या फेर्पा कायद्यामुळे तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपली फाइल बघता येते, आणि लेटरपुरता तो हक्क सोडता का असं विचारतात. सोडा. पोराने वाचलेलं नाही म्हटल्यावर वाचणारा त्या लेटरवर जास्त भरवसा ठेवतो. मी काय लिहिणार याची धास्ती असेल तर आधी येऊन विचारा, तोंडी सगळं सांगते.

तुम्ही लेटरला नाही म्हणता का कधी?

हो, म्हणते. प्रोजेक्टमध्ये जे पोरगं मला महिन्यातून एकदा दिसलं त्याच्याबद्दल लिहायला माझ्याकडे एकही प्रसंग नसतो, आणि मग कितीही चांगलं लिहायचं म्हटलं तरी पोकळ लेटर जातं, ते त्यालाच नडतं. मी तसं समोर बसवून सांगते आणि कोण लिहू शकेल तेही सुचवते. "लिहिते" म्हणून मग चार कोरड्या ओळी पाठवणं मला बरोबर वाटत नाही. पोरांनी विचारतानाच "मॅडम, लेटर द्याल का" याऐवजी "माझ्या थेसिसवरून तुमच्याकडे लिहायला पुरेसं आहे का" असं विचारलं तर उत्तर जास्त खरं मिळतं.

आठ युनिव्हर्सिटी आहेत, एकच लेटर सगळीकडे चालेल ना?

प्रसंगाचा पॅरा तोच राहतो, शेवटचा बदलतो. फ्लोराइडवालीने दोन ठिकाणी अप्लाय केलं होतं ज्यांची कामं अगदी वेगळी होती. एक लॅब पाण्यातले धातू मोजायच्या पद्धतींवर काम करायची, तिथे मी लिहिलं की स्पाइक रिकव्हरीची सवय तिला आधीच आहे. दुसरी नवीन फिल्टरचं साहित्य बनवायची, तिथे लिहिलं की साहित्य पाण्यात काय सोडतं हा प्रश्न ती स्वतःहून विचारते, आणि नवीन साहित्याची चाचणी घेताना हाच प्रश्न बऱ्याचदा राहून जातो. चार-चार ओळींचाच फरक, पण त्यासाठी मला प्रोफेसरचं नाव आणि त्यांचं काम आधी कळायला हवं, म्हणून यादीत तो रकाना रिकामा ठेवू नका. आणि पाठवायच्या आधी पीडीएफ उघडून युनिव्हर्सिटीचं नाव, कोर्सचं नाव आणि "ही" की "हा" एवढं तपासून मगच मी अपलोड करते. जुन्या फाइलवरून नवं लेटर बनवताना नेमकं हेच मागे राहून जातं.